लेआउटचा नकाशा मालदीवजवळ का पडतो, आणि गटावर कसा बसवायचा

प्रश्न: आर्किटेक्टकडून एन.ए. लेआउटची ऑटोकॅड फाइल आली आहे. क्यूजीआयएसमध्ये घेतली आणि EPSG:32643 दिला, तरी लेआउट भर समुद्रात जाऊन पडतो. ओढून-ताणून गटावर आणला तर एक बाजू जुळते, दुसरी तीन-चार मीटर बाहेर जाते. गाव जळगाव तालुक्यातलं आहे. सीआरएस चुकतोय की गटाचा नकाशा चुकीचा आहे?

उत्तर:

समुद्रात नेमका कुठे पडतो ते आधी बघा. मालदीव बेटांच्या पश्चिमेला, विषुववृत्ताला चिकटून पडत असेल तर निदान तिथेच झालं. तुमचा सीआरएस बरोबर आहे, पण नकाशातले आकडे त्या सीआरएसचे नाहीत. सर्व्हेअरने टोटल स्टेशन लावताना पहिल्या स्टेशनला १०००, १००० असे मनाने धरलेले आकडे दिले असणार. त्या आकड्यांवर तुम्ही ३२६४३ चं लेबल लावलं, म्हणून क्यूजीआयएसने १००० मीटर ईस्टिंग आणि १००० मीटर नॉर्थिंग ही जागा शोधली, आणि ती खरोखरच तिथे समुद्रात आहे. लेबल 4326 किंवा 3857 चं लावलं असतं तर नकाशा आणखी भलतीकडे गेला असता.

म्हणजे `Set Layer CRS…` ने नकाशा हलत नाही. फाइलमधले आकडे कोणत्या पद्धतीचे आहेत एवढंच ते सांगतं. आकडे खरोखर बदलतात ते `Reproject Layer` ने, पण मूळ आकड्यांना कुठलीच पद्धत नसेल तर रीप्रोजेक्ट तरी कशातून करणार? मधे एक पायरी लागते. मनाने धरलेल्या आकड्यांवरून खऱ्या आकड्यांवर जायची.

खानदेशासाठी एक गोष्ट पाठ करून ठेवा. ३२६४३ म्हणजे यूटीएम झोन ४३. त्याचं मध्य रेखावृत्त ७५ अंशांवर आहे आणि ते अमळनेरच्या थोडं पश्चिमेकडून जातं. त्या रेषेवर ईस्टिंग ५,००,००० असतं. म्हणून जळगाव, भुसावळकडच्या फाइलमध्ये ईस्टिंग पाच लाखांच्या वर यायला हवं आणि धुळे, नंदुरबारकडे पाच लाखांच्या खाली. जळगाव शहराच्या आसपास साधारण ५,५८,००० ईस्टिंग आणि २३,२२,००० नॉर्थिंग असतं. फाइल हातात आली की एखाद्या कोपऱ्याचे आकडे वाचा. ५८२१४ आणि २१८७६ असे दिसले तर सर्व्हेअरने पुढचे अंक कापले आहेत, आणि नकाशा सरळ रेषेत सरकवला की काम झालं. २३ लाख आधी आणि ५ लाख नंतर असं दिसलं तर ईस्टिंग-नॉर्थिंगची अदलाबदल आहे. टोटल स्टेशनच्या यादीत बऱ्याचदा नॉर्थिंग आधी येतं, त्यामुळे हे नेहमी घडतं. अशा वेळी नकाशा आरशातल्यासारखा उलटा होतो आणि कितीही फिरवला तरी बसत नाही. एक्स-वाय बदलूनच घ्यावा लागतो.

आकडे कुठे वाचायचे, यातही एक खोच आहे. ऑटोकॅडमध्ये `ID` कमांडने कोपरा वाचला की तो चालू यूसीएसमध्ये दिसतो. आर्किटेक्टने कागदावर नकाशा सरळ छापायला यूसीएस फिरवून ठेवलेला असतो. फाइलमधली भूमिती मात्र वर्ल्ड आकड्यांवरच ठरते, आणि क्यूजीआयएसला तीच मिळते. एकदा अर्धा दिवस मी या फरकात घालवला आहे. त्यामुळे आधी `UCS` टाइप करून `World` घ्या, मग `PLAN`, मग `ID`. त्याच बैठकीत `DIST` ने एखादी माहीत असलेली बाजू मोजा. २१० मीटरची बाजू २,१०,७६० दिसली तर नकाशा मिलिमीटरमध्ये आहे, ६९१ च्या आसपास दिसली तर फुटांत. `INSUNITS` मध्ये काय लिहिलंय त्यावर विसंबू नका, `SCALE` ने तिथेच मीटरमध्ये आणा. बाहेरून जोडलेले संदर्भ `BIND` करा, शीर्षकाची चौकट आणि उत्तर दिशेचा बाण काढा, हद्द, रस्ते, प्लॉट आणि ओपन स्पेस एवढे लेयर ठेवा आणि डीएक्सएफमध्ये साठवा. डीडब्ल्यूजीच्या नव्या आवृत्त्या क्यूजीआयएसला नीट वाचता येतीलच असं नाही, डीएक्सएफमध्ये ती कटकट कमी.

आता मुख्य काम. लेआउटवरचे असे बिंदू हवेत जे नकाशातही आहेत आणि शेतातही आहेत. ते म्हणजे गटाच्या हद्दीचे दगड. जीपीएस रोव्हर घेऊन जा आणि किमान चार दगडांवर वाचन घ्या. सॅटेलाइट चित्रावरून बांध पकडून बसवायचा मोह होतो. तो टाळा. चित्र स्वतःच काही मीटर सरकलेलं असू शकतं, आणि केळीच्या बागेत बांध दिसतही नाही.

माझ्याकडे आलेलं एक काम सांगतो. जळगावजवळचा सव्वातीन हेक्टरच्या आसपासचा गट, चार कोपऱ्यांवर चार दगड. १ नैऋत्येचा, २ आग्नेयेचा, ३ ईशान्येचा, ४ वायव्येचा. आकडे ओळखू येऊ नयेत म्हणून थोडे बदलले आहेत, पण हिशेब तोच आहे. क्रमांक, नकाशातले पूर्व-उत्तर आणि रोव्हरचे पूर्व-उत्तर असा क्रम:

```
1, 1012.40, 1008.15, 558214.62, 2321876.30
2, 1221.85, 1031.60, 558424.56, 2321858.63
3, 1204.10, 1187.35, 558437.39, 2322014.80
4,  996.75, 1164.20, 558231.24, 2322031.50
```

क्यूजीआयएस ३.२६ पासून जिओरेफरन्सर व्हेक्टर लेयरवरही चालतो. बहुतेक जण इथे लगेच चार बिंदू भरतात, `Polynomial 1` निवडतात आणि ओके करतात. माझ्या हाताखालच्या मुलानेही तेच केलं होतं. तक्त्यात चारही दगडांवर चूक दिसली साधारण ४७ सेंटिमीटर, सगळीकडे जवळपास सारखीच. तो म्हणाला, "सर, अर्धा मीटर म्हणजे चालेल ना? सारखीच तर आहे."

सारखी आहे हाच खरा धोका. पॉलिनॉमियल १ ला दोन दिशांना वेगवेगळं ताणायची आणि काटकोन तिरका करायची मोकळीक असते. चार कोपऱ्यांच्या चौकोनात एकच दगड चुकला तरी ही पद्धत ती चूक चौघांत वाटून टाकते, आणि कोणावरच संशय येत नाही. शिवाय लेआउट तिरका होतो तो वेगळाच. सुरुवातीच्या काळात मी असाच ताणलेला लेआउट एका ग्राहकाला दिला होता. ९ मीटर रुंद रस्ता एका टोकाला थोडा वेगळा भरला आणि प्लॉटची क्षेत्रफळं मंजूर तक्त्याशी जुळेनात. सगळं परत करून द्यावं लागलं.

लेआउट ही मंजूर भूमिती आहे. तिला सरकवायचं, फिरवायचं, आणि फार तर सगळीकडे एकाच प्रमाणात लहान-मोठं करायचं, यापलीकडे हात लावायचा नाही. जिओरेफरन्सरमध्ये हे करणारा पर्याय म्हणजे `Helmert`. तोच निवडला तेव्हा चुका अशा दिसल्या: दगड ४ वर नव्वदेक सेंटिमीटर, दगड १ वर पाऊण मीटर, दगड ३ वर अर्ध्या मीटरहून थोडी जास्त आणि दगड २ वर जवळजवळ शून्य. आता कोण चुकला? तक्ता बघून कोणीही म्हणेल की दगड २ तेवढा बरोबर आणि बाकी तिन्ही बिघडलेले.

हे कोडं तक्त्याकडे बघत बसून सुटत नाही. अंतरांनी सुटतं. दोन दगडांमधलं अंतर नकाशा कसाही फिरवला-सरकवला तरी बदलत नाही. म्हणून बसवण्याच्या आधीच जोडीजोडीने दोन्हीकडची अंतरं काढा. मी वहीत लिहिली ती अशी. दगड १ ते २, नकाशात २१०.७६ मीटर, रोव्हरने २१०.६८. १ ते ३, २६२.४१ आणि २६२.३१. २ ते ३, १५६.७६ आणि १५६.७०. या तिन्ही जोड्यांत फरक सहा ते दहा सेंटिमीटरचा. आता दगड ४ असलेल्या जोड्या. १ ते ४, १५६.८३ आणि १५६.०९. २ ते ४, २६१.२५ आणि २५९.३४. ३ ते ४, २०८.६४ आणि २०६.८३. फरक पाऊण मीटरपासून जवळजवळ दोन मीटरपर्यंत. सगळ्या बिघडलेल्या जोड्यांत दगड ४ आहे, आणि तो नसलेल्या तिन्ही जोड्या शहाण्यासारख्या वागतात. चोर सापडला.

शेतावर परत गेलो. वायव्येच्या कोपऱ्याला नाला आहे आणि तो मधल्या काळात जेसीबीने रुंद केला होता. शेजारच्या गटात निंदणी चालली होती, तिथल्या काकांनी दुरूनच सांगितलं, "भाऊ, हाऊ दगड नवा से." जुना दगड नाल्याच्या कामात उखडला गेला होता आणि कोणीतरी अंदाजाने दुसरा रोवला होता. आपल्या काळ्या जमिनीत दगड नुसत्या भेगांनीही थोडेफार कलतात, पण पावणेदोन-दोन मीटर कोणी आपोआप चालत नाही.

दगड ४ बाजूला ठेवून उरलेल्या तीन दगडांवर हेल्मर्ट बसवला तर चुका एक-दोन सेंटिमीटरच्या आत आल्या. एक सावधगिरी मात्र सांगतो: हेल्मर्टला किमान दोन बिंदू लागतात, आणि दोनच दिले तर चूक नेहमी शून्य दाखवली जाते, दगड कितीही चुकलेले असोत. त्या शून्यावर खूश होऊ नका. तिसऱ्या बिंदूपासूनच ती चूक काही सांगू लागते.

आता त्या सहा ते दहा सेंटिमीटरबद्दल. रोव्हरचं अंतर प्रत्येक जोडीत कमीच का येतंय, आणि लांब बाजूत जास्त कमी का? ही मोजणीची चूक नाही. यूटीएममध्ये मध्य रेखावृत्तावरच अंतर ०.९९९६ पट धरलेलं असतं, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर नकाशावर चाळीस सेंटिमीटरने आखूड. जळगावला, त्या रेषेपासून ५८ किलोमीटर पूर्वेला, हा आकडा ०.९९९६४ होतो. त्यात जमिनीच्या उंचीमुळे किंचित भर पडते आणि एकूण ०.९९९६२ च्या जवळ येतो. २६२ मीटरला दहा सेंटिमीटर, हिशेब चोख. टोटल स्टेशनने मोजलं ते जमिनीवरचं अंतर, रोव्हरने दिलं ते यूटीएमचं. म्हणून हेल्मर्टने काढलेलं प्रमाण ०.९९९६ च्या आसपास येतंय का हे मी आवर्जून बघतो. ०.९९७ किंवा १.००२ आलं तर एखादा दगड चुकलाय, नाहीतर नकाशा झेरॉक्सवरून गिरवलेला आहे.

याच कामात हेल्मर्टने दिलं ते असं: प्रमाण ०.९९९६२, आणि नकाशा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ११.२ अंश फिरवायचा. सर्व्हेअरने उत्तर दिशा होकायंत्रानेही धरली नव्हती, रस्त्याच्या कडेला समांतर धरली होती. जिओरेफरन्सर नको असेल किंवा तेच रूपांतर रस्ते, प्लॉट, ओपन स्पेस अशा पाच-सहा लेयरना सारखं द्यायचं असेल तर `Affine transform` सोयीचं पडतं:

```python
processing.run("native:affinetransform", {
  "INPUT": "plots_local.gpkg",
  "SCALE_X": 0.99962, "SCALE_Y": 0.99962,
  "ROTATION_Z": -11.2,
  "DELTA_X": 557026.14, "DELTA_Y": 2321084.29,
  "OUTPUT": "plots_utm.gpkg"})
```

इथे फिरवण्याचा कोन घड्याळाच्या उलट दिशेने धन धरतात, म्हणून वजा चिन्ह. क्रम आधी प्रमाण, मग फिरवणं, मग सरकवणं असा आहे, त्यामुळे सरकवण्याचे आकडे म्हणजे रोव्हरचा दगड १ वजा फिरवून झालेला दगड १. हे झाल्यावरच `Set Layer CRS…` ने EPSG:32643 द्या. आता ते लेबल खरं आहे. लगेच दगड १, २ आणि ३ चे आकडे वाचून रोव्हरशी ताडून बघा. कोनाचं चिन्ह उलटं पडलं असेल तर इथेच कळतं.

क्षेत्रफळाची पडताळणी करताना एक गोंधळ होतो, तो आधीच सांगून ठेवतो. मूळ नकाशात हद्दीचं क्षेत्र ३२,८७८.७ चौरस मीटर होतं. बसवल्यावर `area($geometry)` ने काढलं तर ३२,८५३.७ येतं. पंचवीस चौरस मीटर गेले कुठे? कुठेच नाहीत, प्रमाणाचा वर्ग झाला आहे एवढंच. प्रोजेक्टमध्ये एलिप्सॉइड निवडलेला असेल तर `$area` पृथ्वीच्या पृष्ठावरचं क्षेत्र देतं आणि ते ३२,८७७ च्या आसपास येतं. ग्राहकाला आणि आर्किटेक्टला मात्र मंजूर तक्त्यातलं क्षेत्रच द्या, यातलं कुठलंही नको. प्लॉटच्या लेयरमध्ये मी `manjur_kshetra` असा वेगळा रकाना ठेवतो आणि त्यात हाताने मंजूर आकडा भरतो.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, गटाशी तीन-चार मीटरचा फरक. तुमच्याकडचा गटांचा लेयर बहुतेक गाव नकाशा स्कॅन करून गिरवलेला असेल. १:५००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे पाच मीटर. नुसती शाईची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली तरी अडीच मीटर त्या रेघेतच गेले. वर कागद वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेला, एका दिशेने जास्त आकसलेला. अशा रेषेवर दगडांवरून सेंटिमीटरमध्ये बसवलेला लेआउट ओढून चिकटवणं म्हणजे सोनाराचा तराजू कापसाच्या काट्यावर जुळवण्यासारखं आहे. तुम्ही ओढलात, एक बाजू जुळली आणि दुसरी बाहेर गेली, ते होणारच होतं.

फरक कसा आहे ते बघून काय करायचं ते ठरतं. माझ्या कामात दक्षिण बाजू मीटरभराच्या आत होती, पश्चिम बाजू साडेतीन मीटर बाहेर. मग मी आजूबाजूच्या पाच गटांचे बांध आणि शिवरस्ता रोव्हरने घेतले. त्या सगळ्यांतही गटांचा लेयर पूर्वेकडे साधारण तेवढाच सरकलेला निघाला. म्हणजे दोष एका गटाचा नव्हता, गाव नकाशा बसवतानाच त्या भागातला पट्टा सरकला होता. असं असेल तर सरकवायचा तो गटांचा पट्टा, तोही ओळखता येणाऱ्या दगडांवर, आणि शक्य असेल तर जिथे तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड धरून. एकटा आपला गट ओढू नका. त्याने शेजाऱ्याशी फट पडते किंवा दोन गट एकमेकांवर चढतात, आणि पुढे कुणीतरी त्या फटीला सरकारी जागा समजतं.

शेजारचे गट बरोबर बसतात आणि फक्त आपल्याच गटाचा आकार वेगळा निघतो, हा दुसरा प्रकार. तिथे गाव नकाशा विसरा आणि मोजणीची 'क' प्रत काढा. ती मोठ्या प्रमाणावर असते, तिच्यावर हद्दीच्या खुणा असतात आणि बऱ्याचदा बाजूंची मापंही. लेआउटची हद्द 'क' प्रतीच्या मापांशी जुळते आणि गाव नकाशाशी नाही, असं निघालं तर लेआउट जागेवर ठेवा आणि अहवालात दोन ओळी लिहा. 'क' प्रतीशीही जुळत नसेल तर आर्किटेक्टला फोन करा. त्याने हद्द कशावरून घेतली ते विचारा. काही वेळा उत्तर येतं, "सर्व्हेअरने तारेच्या कुंपणावरून घेतली." मग तो लेआउट कुंपणाचा आहे, गटाचा नाही.

आमच्या कामात शेवटी लेआउट तीन दगडांवर बसवला, दगड ४ चा हिशेबाने येणारा बिंदू वेगळ्या रंगात दाखवला आणि सापडलेला दगड त्याच्या शेजारी वेगळ्या खुणेने. दोन्हींत १.९ मीटरच्या आसपास अंतर. मालक म्हणाले, "मग दगड तुम्हीच हलवून द्या ना योग्य जागी." तसं करायचा अधिकार ना त्यांना, ना मला. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज भरायला सांगितलं, आणि वायव्येच्या कोपऱ्यातले दोन प्लॉट मोजणी होईपर्यंत विकायचे नाहीत असं त्यांनी स्वतःच ठरवलं.